एस्तेरबाईंची शिकवणीची बाज

एस्तेरबाईंनी अन्न सोडल्याचा निरोप आला तेव्हा मी संत्री सोलत होते. निरोप घेऊन आलेली त्यांची सून मार्था दारातच म्हणाली, "सासूबाई तुमालेच बोलावून राहिल्या." आजाऱ्याच्या खोलीची मला लहानपणापासून धास्ती. आई गेली तेव्हा त्या खोलीत इतकी माणसं रडत, उपदेश करत उभी होती की तिचा चेहराही मला दिसला नव्हता.

म्हणून तर आजाऱ्याला कसं भेटावं याच्या बाईंच्या शिकवणीला मी जायला लागले. तिची सुरुवात एका घोटाळ्यातून झाली. आमच्या लहानशा ख्रिस्ती मंडळीतले एक वडीलधारे गृहस्थ तापाने पडलेल्या सुताराला भेटायला गेले आणि भक्तीच्या भरात त्यांनी उशाशी उभं राहून, आम्ही फक्त कबरस्तानात म्हणतो ते गीत सुरू केलं. सुतार पांढराफटक पडला! बायकोला म्हणाला, "माही वेळ आली का वं?" तो पुढे खडखडीत बरा झाला, पण बाई संतापल्या. "भेटाले जाता का पोचवाले?" असं त्यांनी सर्वांदेखत विचारलं, आणि पुढच्याच शनिवारी दुपारी स्वतःच्या बंदिस्त ओसरीवर बाज टाकून त्या आजारी म्हणून आडव्या झाल्या.

आम्ही एकेकाने त्यांना भेटायला जायचं. चपला बाहेर, हात धुऊन, आत यायचं का ते विचारून. बाजेवर टेकायचं नाही. हादरा बसला की दुखतं. उशाशी उभं राहायचं नाही. स्टूल कमरेशी ओढायचं, म्हणजे आजाऱ्याला मान वळवावी लागत नाही. पण दार अडवायचं नाही... बाहेरचं दिसलं पाहिजे. आपल्या मावशीला हाच रोग होता, हे तर मुळीच सांगायचं नाही. तो गप्प, तर आपण गप्प. तो भितो म्हणाला, तर 'काही होत नाही' म्हणून त्याचं तोंड बंद करायचं नाही. प्रार्थनेच्या आधी विचारायचं, "काय मागू?" मग त्याचंच मागणं, त्याच्याच शब्दांत, एक-दोन वाक्यांत. कुणी साऱ्या जगाच्या राजांसाठी प्रार्थना करू लागला की बाई अंगठी बाजेच्या लाकडावर ठोकायच्या. टक, टक. म्हणजे आमेन म्हण आणि ऊठ. मी तर भीतीनं आरंभीच बडबडायचे, आणि ती टकटक सर्वांत जास्त माझ्याच वाट्याला यायची. "अवं, थो बिमार आहे, बहिरा नाही," त्या डोळे मिटूनच म्हणायच्या, आणि सगळे हसायचे.

आता त्याच बाजेवर त्या खरोखर पडल्या होत्या. दाराला उन्हासाठी अर्धी लावलेली वाळ्याची ताटी होती, तिचा ओला वास सुटला होता. हात धुतले, विचारलं, स्टूल कमरेशी ओढलं. बाईंचा चेहरा एवढासा झाला होता. त्या म्हणाल्या, "मले भेव लागून राहिलं वं."

बाईंना भीती! 'तुम्ही बऱ्या व्हाल' हे शब्द माझ्या जिभेवर आले होते. मी ते गिळले. त्या छपराकडे बघत राहिल्या. "सगळ्याइले शिकवलं... अन् मीच भेऊन राहिली."

"कशाचं भेव, बाई?"

"ते एकटीनं जा लागते ना."

मला रडू फुटत होतं, पण बसून राहिले. त्यांनी हात पुढे केला तेव्हाच तो धरला. मग विचारलं, "काय मागू?"

"बरं कर म्हणू नको. एकटी नको ठेवू म्हण."

मी तेवढंच म्हटलं. आमेन म्हणून टकटकीची वाट पाहत राहिले. ती आली नाही. अंगठी सैल होऊन पेरावर सरकली होती, आणि बोटं माझी बोटं घट्ट धरून होती. त्या दिवशी लवकर उठण्याचा नियम मी पाळला नाही. दोन दिवसांनी बाई गेल्या.

त्याला आता काही आठवडे झाले. मागच्या शनिवारी मार्थाने आम्हाला पुन्हा शिकवणीला बोलावलं. ओसरीवर बाज तशीच होती, कमरेशी स्टूल. पण आजारी कोण होणार? बाई गेल्या त्या बाजेवर पडायला कुणी धजेना. सगळे माझ्याकडे बघू लागले. मी आडवी झाले. तिथून छपराची कौलं फार दूर दिसतात. उभी माणसं नुसती अंगावर येतात. दारातून मात्र अंगणातला पेरू दिसतो, आणि त्यावर नजर ठेवली की थोडा श्वास येतो.

मार्था आत आली. हात ओले होते. दार सोडून स्टुलावर टेकली. मग हलकेच विचारलं, "काय मागू?"

शिकवणीत आम्ही काहीबाही ठरलेलं सांगायचो, ताप उतरू दे, झोप लागू दे. तेच सांगायला मी तोंड उघडलं.

"एकटी नको ठेवू म्हण," मी म्हणाले.