तक्रार नाही म्हणे!

आमचे हे, म्हणजे सुधाकरराव, भोपाळच्या सरकारी कार्यालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झाले. नागपूरहून बदलीवर आले आणि इथेच रुळले. माणूस सज्जन, पण इतका सज्जन की अंगावर चहा सांडला तरी सांडणाऱ्याला "सॉरी" म्हणेल!

आमच्या लेकीने, योगिनीने, एका सरकारी कंपनीच्या टेक्निशियनची परीक्षा दिली. कागदपत्रांची तपासणीही झाली, आणि मग निकाल बेपत्ता. दोन वर्षं! फोन केला की, "वेबसाइट देखते रहिए." मी म्हटलं, डोळे फुटेपर्यंत बघायचं का? यंदा तिची वयोमर्यादा संपली. नवीन जाहिरातीत ती बसत नाही. जुन्या अर्जात वय त्या वेळचं धरतात, म्हणून तोच एक दरवाजा उरला होता.

योगिनीने तडकून पत्र लिहिलं. ह्यांनी ते मागून घेतलं आणि भोपाळातल्या शिवाजी नगरच्या आमच्या घरात बसून सबंध नव्याने लिहिलं: "सविनय निवेदन है कि विज्ञापन क्रमांक ०४, आवेदन क्रमांक ११८२०७, रोल नंबर ३०६५१ का परिणाम अभी अप्राप्त है। कृपया स्थिति से अवगत कराने का कष्ट करें।" इथवर छान. पण शेवटी सवयीने जोडलं, "विलंब के संबंध में प्रार्थिनी को कोई शिकायत नहीं है।"

"हे कशाला?" मी विचारलं.

"अगं, असं लिहिलं की साहेब नाराज होत नाहीत."

महिना उलटला, उत्तर नाही. तेव्हा योगिनी भरती कार्यालयात गेली. तिथल्या बाबूने फाईल उघडून दाखवली. पत्रावर शेरा होता: "आवेदिका को कोई शिकायत नहीं। नस्तीबद्ध।" म्हणजे फाईल बंद! आणि बाबू वर म्हणतो, "मैडम, आपने खुद ही लिखा है."

घरी येऊन तिने सांगितलं, तशी माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन वर्षं पोरीला ताटकळत ठेवायचं, आणि तिच्याच नम्रपणाने तिचं तोंड बंद करायचं? लाज कशी वाटत नाही मेल्यांना! मी ह्यांच्यावरही तोंड सोडलं. "तुमचा साहेब नाराज झाला नाही, झालं समाधान?"

ह्यांनी कोरा कागद पुढे ओढला. नोकरीभर त्यांनीही अशीच कितीतरी पत्रं बंद केली असणार. ते त्यांच्या चेहऱ्यावर दिसलं, म्हणून मीच तोंड आवरलं.

दुसऱ्या दिवशी दुसरं पत्र तयार झालं. क्रमांक तेच, "सविनय"ही तेच. पण खाली स्पष्ट लिहिलं होतं की विलंबाबद्दल तक्रार आहे, निकालाची तारीख लेखी कळवावी. हे स्वतः योगिनीबरोबर गेले. मीही पाठोपाठ निघाले.

आवक खिडकीवरच्या बाबूने पत्र वाचलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. "सर, लहजा थोड़ा नरम कर दीजिए." म्हणजे सूर जरा मऊ करा म्हणे!

आयुष्यात कधी आवाज न चढवलेला हा माणूस खिडकीवर हात आपटून म्हणाला, "बेटी की उमर निकल गई, भाई. अब लहजा बचाकर क्या करूँ?"

बाबूने मुकाट्याने शिक्का मारला. योगिनी रडत होती. निकाल अजून लागलेला नाही.