भागूबाईची रिंग

भागूबाई हे काही तिचं खरं नाव नव्हे. लग्न होऊन आली त्याच आठवड्यात धाकट्या दिराने ते ठेवलं. मिक्सरचं बटण दाबताना ती डोळे मिटून घेते, हे त्याने पाहिलं आणि घरभर बोंबलत सुटला, “आमच्या वहिनी म्हणजे अगदी भित्री भागूबाई!” झालं, चिकटलं ते चिकटलंच. सासूसुद्धा लाडात आली की “भागू” म्हणायची आणि नवरा चारचौघांत म्हणायचा. ती रागवायची नाही. खरंच होतं ना ते! गॅस बंद केलाय की नाही हे ती दोनदा पाहायची, शिडीवर चढायची नाही, आणि प्लग काढायचा असला तर घरातल्या कुणाला तरी हाक मारायची.

तर अशी ही भागूबाई, आणि तिच्या घरच्या विहिरीवर मोबाईल स्टार्टर बसला.

घरापासून मळा लांब. वीज यायची ती कंपनीच्या लहरीप्रमाणे, आणि मोटर सुरू करायला प्रत्येक वेळी तंगडतोड. म्हणून दिराने हौसेने तो डबा आणला. त्याच्या पोटात एक सिमकार्ड. नोंदवलेल्या नंबरवरून त्याला फोन लावला की एक रिंग होते, डबा फोन कापतो आणि मोटर सुरू करतो. पुन्हा रिंग दिली की बंद. कधी फोन लागला नाही तर मेसेज टाकायचा, तोही तो ऐकतो. मोटर चालवणारी थ्री फेज वीज आली की डबा स्वतःहून सगळ्या नोंदवलेल्या नंबरांना कळवतो. आत छोटी बॅटरी, त्यामुळे वीज गेली तरी डबा जागाच. बसवणाऱ्या वायरमनने हे सगळं सांगितलं आणि विचारलं, “कुणाकुणाचे नंबर टाकू?”

नवऱ्याचा टाकला. दिराचा टाकला. दीर शहरात टेम्पो चालवायचा, पण तिथे बसून इथली मोटर चालू करण्यात त्याला कोण आनंद! मग तो म्हणाला, “वहिनींचा पण टाका.”

“माझा नको हं!” भागूबाई दोन पावलं मागे सरली. “चुकून कुठे धक्का लागला, आणि तिथे कुणी मोटरीला हात लावून बसलेलं असलं तर?”

सगळे पोट धरून हसले. “एक दिवस गुपचूप टाकून देतो की नाही बघा,” दीर म्हणाला.

त्यावर घरात आपोआप एक रीत पडली. नवरा फोन घरी ठेवून बाहेर गेला आणि वीज आली की भागूबाई दिराला मिस्ड कॉल द्यायची. त्याने उचलायचा नाही, पैसे कशाला आणि गाडी चालवताना बोलायचं कशाला. डब्याचा मेसेज त्याच्या नजरेतून कधी सुटायचा, पण वहिनींचा मिस्ड कॉल म्हणजे पक्कं, “वीज आहे, मोटर लावा.” गाडी कुठे थांबली की तो डब्याला रिंग द्यायचा. एकदा दोघा भावांनी एकाच वेळी फोन लावला तर एकाला एंगेज लागला. त्यावरूनही दोघे दिवसभर भांडले, पहिली रिंग कुणाची म्हणून.

त्या दिवशी नवरा जेवून उठला आणि म्हणाला, “मोटरीला हात लावला की झिणझिण्या येतात. खालचा केबलचा जोड गेलाय. हल्ली वीज संध्याकाळशिवाय येत नाही, तोवर जोड उघडून नवा करून येतो.”

“मेन स्विच पाडा आधी,” ती म्हणाली.

“अगं, वीजच नाही तर मेन काय पाडायचा? आणि समज आली, तरी स्टार्टर बंद आहे. केबलमध्ये करंट उतरणार कुठून, आभाळातून?” तो हसला. “फोन इथेच ठेवतो, विहिरीत पडायचा.” आणि पक्कड, टेप घेऊन निघून गेला.

तिने भांडी घासली, कपडे वाळत टाकले. सासूबाई आत पडल्या होत्या. तेवढ्यात फळीवरचा नवऱ्याचा फोन टुणटुणला. भागूबाईला इंग्रजी येत नसे, पण डब्याचा हा मेसेज तिला तोंडवळ्यावरून कळायचा. सप्लाय आला होता. संध्याकाळ व्हायला अजून कितीतरी वेळ होता.

आधी तिला नुसतं वाटलं, अरे वा, आज लवकर. मग लक्षात आलं. हाच मेसेज दिराच्या फोनवरही गेला असणार. आणि त्याचे दादा खाली विहिरीत पायरीवर, ओल्या पायांनी, उघडा जोड हातात घेऊन बसले असणार.

तिने आपला फोन उचलला आणि दिराला लावला. वाजत राहिला. “उचला हो भावजी, उचला ना!” नाही उचलला. तिने पुन्हा लावला. पुन्हा वाजून वाजून बंद. तिसऱ्यांदा बटणावर बोट ठेवलं आणि झटकन उचललं.

तिने काय केलं होतं! दोन मिस्ड कॉल दिले होते. त्याच्या लेखी त्याचा अर्थ एकच होता. वहिनी म्हणतायत, वीज आहे, मोटर लावा. दोनदा म्हणतायत.

“अगं आई गं,” ती म्हणाली, आणि चप्पल न घालताच धावत सुटली. हातात दोन्ही फोन.

पायांबरोबर डोकंही धावू लागलं. दिराला मेसेज करावा, तर त्याचा साधा बटणांचा फोन, मराठी लिहिलं की त्यावर नुसते चौकोन उमटतात. नवऱ्याच्या फोनवरून डब्याला “बंद” म्हणावं, तर मोटर बंदच आहे, दिराची रिंग पडली की ती सुरू होणार ती होणारच. आणि नवऱ्याच्या फोनवरून चुकून रिंग गेली तर? तो नंबर नोंदवलेला! हा फोन म्हणजे तिच्या हातातला निखारा होता. तिने तो झाडाच्या बुंध्याशी ठेवून दिला आणि पुढे पळाली.

एंगेज, तिला आठवलं. एकाला एंगेज लागला होता.

आपण डब्याला फोन लावून ठेवला तर? आपला नंबर त्याच्या ओळखीचा नाही. ओळखीचा नसला तर तो काही करत नाही, नुसता वाजत राहतो, असं वायरमन म्हणाला होता. वाजत असेपर्यंत भावजींना एंगेज!

तिने डब्याचा नंबर काढला. आणि पाय थांबले.

एक दिवस गुपचूप टाकून देतो की नाही बघा.

टाकला असेल तर? मागच्या सुट्टीत तो आला होता, डब्याशी बराच वेळ खुडबुडत बसला होता, आणि तिच्याकडे बघून हसला होता. त्याचं हसणं कशासाठी होतं? टाकला असेल तर तिची एकच रिंग पुरे. आपल्याच हाताने आपल्या नवऱ्याला... तिला पुढचं मनातही म्हणवेना. फोन लावावा तर ही भीती, न लावावा तर ती. इकडे आड, तिकडे विहीर म्हणतात ते असं. आणि नवरा खरोखरीच विहिरीत.

दीर कुठल्याही क्षणी गाडी थांबवेल. ते नक्की होतं. नंबर टाकला असेल, हे नक्की नव्हतं. एवढाच हिशेब तिला त्या घडीला करता आला. तिने डोळे गच्च मिटले, मिक्सरसमोर मिटायची तसेच, आणि बटण दाबलं.

एक रिंग. नंबर ओळखीचा असेल तर आता कापेल. देवा, कापू नको.

दुसरी रिंग.

तिसरी.

ती रडायलाच लागली. वाजू दे बाबा, वाजत राहा! रडत रडतच पळायला लागली. फोन कानाला, काटे पायाला. वाजून वाजून फोन कापला गेला की ती लगेच पुन्हा लावायची. मधल्या त्या चार श्वासांत भावजींची रिंग घुसली तर? ओला हात बटणावरून घसरायचा, चुकीचाच कुठलातरी नंबर निघायचा, ती स्वतःलाच शिव्या द्यायची, पुन्हा लावायची. शेजारच्या मळ्यातून मोटरीची घरघर ऐकू येत होती. तिकडचे लोक कामाला लागले होते. आपली विहीर अजून गप्प होती. गप्पच राहू दे, ती म्हणत होती.

आणि बांध ओलांडताना तिला सुचलं, मेसेज! फोन लागला नाही तर भावजी मेसेज टाकतात. मेसेजला एंगेज लागत नाही.

मग तिने फोनबिन काही पाहिलं नाही. विहिरीपाशी पोचली तेव्हा खालून नवऱ्याचं गुणगुणणं ऐकू येत होतं. हाक मारायची की मेन पाडायचा? हाक मारली तर तो “काय गं?” म्हणून जोड हातात धरूनच वर बघेल. ती सरळ स्विचच्या पेटीकडे गेली. आयुष्यात जिने साधा प्लग काढला नव्हता तिने तो मोठा दांडा दोन्ही हातांनी धरला आणि सगळं अंग लोंबकळवून खाली ओढला. खटकन आवाज झाला. मग तिने तिन्ही फ्यूज एकामागून एक उपसून काढले आणि मुठीत धरले.

“अहो!” तिने विहिरीत तोंड घालून हाक मारली. पुन्हा मारली. “अहो, वर या! जोड सोडा, आधी वर या!”

नवरा पायऱ्या चढून आला. घामाघूम झालेली, अनवाणी, केस सुटलेले, अशी बायको जमिनीवर बसलेली पाहून त्याला हसू येऊ लागलं. “काय गं भागूबाई, साप निघाला का?”

ती उत्तर देणार तेवढ्यात तिच्या हातातला फोन वाजला. दीर होता. तिने उचलला आणि, दुसऱ्या मुठीत फ्यूज होते म्हणून, फोन नवऱ्याच्या आणि आपल्या मध्ये जमिनीवर ठेवून स्पीकरवर टाकला.

“वहिनी, अहो काय चाललंय?” दीर खुशीत होता. मागे रस्त्याचा आवाज. “तुमचे मिस्ड कॉल बघून किती वेळ रिंग देतोय, डबा आपला एंगेज. शेवटी आत्ता मेसेज टाकला मोटर चालू म्हणून, तर उलटा मेसेज आला, सप्लाय नाही. एवढ्यात गेली पण का वीज?”

नवऱ्याचं हसू कुठल्या कुठे गेलं. त्याने हातातल्या पक्कडीकडे पाहिलं, तिच्या जबड्यात सोललेल्या वायरचा तुकडा अजून होता. मग त्याने बायकोच्या मुठीतले फ्यूज पाहिले. तो तिच्या शेजारी मातीत बसला.

“हॅलो? वहिनी?” दीर विचारत होता. “ऐकू येतंय ना? वीज गेली का?”

“नाही भावजी,” भागूबाई म्हणाली. “वीज आहे. दादा विहिरीत होते.”

पलीकडे रस्त्याचा आवाज येत राहिला. फोन कुणी ठेवला नाही.