संत्र्याशेजारी मांडलेली तीन अंडी

आमच्याकडे उन्हाळा असा पडतो, की कोंबडी अंडं घालते ते उकडूनच. तुमचा विश्वास बसत नसेल तर एप्रिलच्या दुपारी भातकुलीच्या बाजूला या, मीठ तेवढं सोबत आणा. अशाच एका सकाळी मी संत्र्याच्या बागेपलीकडच्या पडीत पट्ट्यातून चाललो होतो. तिथं बायकोला झेंडू लावायचा होता आणि रोटावेटरवाला दुसऱ्या दिवशी येणार होता. पायाखालून काहीतरी फर्रकन उडालं. मी हातभर उडालो. बायको म्हणते वीतभर, पण ती तिथं नव्हती.

खाली पाहिलं तर जमिनीवर, उघड्यावर, खड्यांमध्ये तीन अंडी. घरटं म्हणावं तर काडी नाही, पान नाही. जरासा खळगा, बस्स. अंडी मातकट, वर तपकिरी ठिपके.

मी घरी येऊन सांगितलं. शेजारच्या शेतातला चुलतभाऊ तिथंच चहा पीत बसला होता. त्यानं शेडमध्ये बटेर, म्हणजे लावी पक्षी, पाळल्या आहेत, अंडी अमरावतीच्या हॉटेलांना देतो. तो कप ठेवून उठलाच.

"भाऊ, माह्या बटेर आहेत त्या! मागच्या महिन्यात जाळी फाटली तवा उडाल्या. अंडे माहे."

"तुहे काहून? माह्या वावरात आहेत."

"बटेर माही, तं अंडं माहं. वावर तुहं असलं तं काय झालं?"

असं म्हणून तो सरळ वाटी आणायला घरी गेला. बायको ओट्यावरून ओरडली, "भाऊजी, एका अंड्याले बी हात लावान तर पाहा! आधी कोनाचे आहेत ते ठरू द्या. रोटावेटरवाल्याले मी थांबवते."

आता ठरवायचं कसं? अमरावतीत पक्षी पाहणाऱ्यांचा एक व्हॉट्सॲप ग्रुप आहे. त्यात एक शाळेच्या मॅडम आहेत. आमची संत्री घेतात, म्हणून मला त्यांनी ग्रुपात घेतलं होतं. मी लगोलग फोटो काढायला निघालो.

इथं एक सांगतो. मी तीन पिढ्यांचा फळवाला. ढिगातलं संत्रं सुद्धा चांगली बाजू वर करून मांडल्याशिवाय आम्हाला चैन पडत नाही. तर ती अंडी वेडीवाकडी पडलेली पाहून माझा हात आपोआप गेला. दोन उभी केली, एक आडवं. ठिपके वर आले पाहिजेत ना! आकार कळावा म्हणून शेजारी झाडावरचं एक संत्रं ठेवलं. एवढ्यावरही चित्र भरल्यासारखं वाटेना, तर घराजवळच्या कडुनिंबाखाली सापडलेलं तपकिरी-पांढऱ्या पट्ट्यांचं एक सुरेख पीस होतं, ते आणून टोचलं. असा फोटो, की दुकानाच्या पाटीवर लावावा.

ग्रुपात हाहाकार उडाला. एकानं लिहिलं, पीस कोकिळेच्या मादीचं आहे. दुसऱ्यानं विचारलं, कोकिळा जमिनीवर अंडी घालायला लागली काय? ती तर कावळ्याच्या घरट्यात घालते! तिसरा म्हणाला, करवानक. चौथा म्हणाला, टिटवी. माझ्या चुलतभावानं माझ्याच मोबाइलवरून आवाज रेकॉर्ड करून पाठवला, "बटेर आहेत, विषय संपला." ग्रुपातल्या अर्ध्या लोकांना तो मीच वाटलो.

शेवटी मॅडमचा फोन आला.

"दादा, ते पीस तिथंच मिळालं का?"

"नाही मॅडम. घराजवळ मिळालं. फोटो रिकामा दिसत होता."

"आणि संत्रं?"

"ते आपलंच. मापासाठी."

"कोणत्या मापाचं?"

हा प्रश्न एखाद्या संत्रेवाल्याला विचारू नये. आमच्याकडे लिंबाएवढंही संत्रं असतं आणि नारळाएवढंही. मी सांगितलं, "मधलं." मॅडम म्हणाल्या, "मधलं म्हणजे काहीच नाही हो! आणि अंडी हलवली का तुम्ही?"

"हलवली नाही. मांडली."

मॅडमचा आवाज चढला. म्हणाल्या, अंडं कसं पडलं होतं, टोक कुठं होतं, हेच तर ओळखायला लागतं. ते तुम्ही पुसून टाकलं. शिवाय एवढ्या उन्हात पक्षी दूर राहिला, तर अंडी आत शिजतील. आता जाऊन दहा रुपयांचं नाणं शेजारी ठेवा, अंड्याला लावू नका. एक फोटो वरून, एक बाजूनं, आणि लगेच मागं फिरा. मी भावाच्या बटेरींचं सांगितलं, तशा म्हणाल्या, त्याच्या बटेरीच्या अंड्याचाही फोटो त्याच नाण्याशेजारी काढा.

आम्ही तसं केलं. गंमत अशी की मापावरून निकाल लागलाच नाही. दोन्ही अंडी नाण्यापेक्षा मोठी, आमचं जरासं जास्त लांब. भाऊ जोरात म्हणाला, "पाहा! बहिनी हायेत एकमेकीच्या." मलाही तसंच दिसायला लागलं. मग कोकिळा दिसली, मग टिटवी. तिसऱ्यांदा पाहिलं तेव्हा मला तो बटाटा वाटला.

मॅडमनी फोटो मोठा करून समजावलं. "बटेरीचं अंडं एका बाजूनं निमुळतं आहे, आणि त्यावर मोठे काळे डाग आहेत. तुमचं दोन्ही टोकांना सारखंच गोल आहे, ठिपके बारीक. मला पखुर्डी वाटते, माळरानावरचा पक्षी. पण नुसत्या अंड्यावरून मी छातीठोक सांगणार नाही. पक्षी बसलेला पाहा. लांबून."

मग आम्ही तिघं संत्र्याच्या सावलीत बसलो. भावाच्या मांडीवर वाटी. बायको वाटीकडे बघत होती, पक्ष्याकडे नाही. बराच वेळ काही नाही. मला वाटायला लागलं, मांडणी बघूनच ती माय रुसली. आणि मग एक ढेकूळ चालायला लागलं. खरंच सांगतो, ढेकूळच. आखूड पायांचं, कबुतरासारखं, अंगभर मातकट नक्षी. थांबत थांबत आलं आणि अंड्यांवर बसलं. बसल्यावर परत दिसेना.

"हे बटेर नाही," बायको म्हणाली.

"लय दूर आहे, दिसत नाही नीट," भाऊ म्हणाला. पण वाटी त्यानं उलटी ठेवली.

फोटो पाठवला. मॅडम म्हणाल्या, पखुर्डीच. मी विजयी मुद्रेनं बसतो न बसतो, तोच संध्याकाळी दुसराच पक्षी आला! अंग साधं, गालावर पिवळसर झाक, छातीवर काळी बारीक रेघ. पहिला उठला, हा बसला. भाऊ उभाच राहिला. "हा कोन बे? दोघायचे अंडे एकाच जागी?" आमचा तर सगळा हिशेबच विस्कटला. मी पुन्हा मॅडमना फोन लावला. त्या हसत म्हणाल्या, "नर आहे तो, दादा. दिवसा मादी बसते, रात्री नर." बायकोनं माझ्याकडे असं पाहिलं, की त्यावर मी काही लिहीत नाही.

तिनं रोटावेटरवाल्याला सांगून टाकलं, पिल्लं निघेपर्यंत त्या पट्ट्यात यायचं नाही. झेंडू उशिरा लागला तरी चालेल. भाऊ रोज येऊन कुत्री हाकलायचा आणि म्हणायचा, "माहे नसले तरी शेजारी आहेत."

मग एका सकाळी खळगा रिकामा. नुसती कवचं. भाऊ म्हणाला, मुंगसानं खाल्ले. मी म्हणालो, साप. बायकोच्या डोळ्यांत पाणी आलं. या वेळी मी कशाला हात लावला नाही. जिथं जसं पडलं होतं, तसा फोटो काढून पाठवला.

मॅडमचं उत्तर आलं, "कवचाची टोपी कशी सरळ कापल्यासारखी निघाली आहे पाहा. आतला पापुद्रा वाळलेला, बलक कुठंही सांडलेला नाही. खाल्ली असती तर चुरा दिसला असता. या पक्ष्यांची पिल्लं अंगाला वारं लागलं की चालायला लागतात. निघून गेलीत ती."

बायकोनं ते दोनदा वाचलं. मग पदरानं तोंड पुसून रोटावेटरवाल्याला फोन लावला, "उद्या या. पन पट्ट्यात आधी मी चालून पाहीन, मंग तुमी."