जिव्याची पस्तीसची पट्टी

शिरगावच्या जिव्या तांडेलच्या रेक्झिनच्या पिशवीत दोन वस्तू अशा होत्या, की त्या बघून दुसरा प्लंबर हसला असता. एक, बोटीच्या इंजिनाच्या ग्रीसचा डबा. दुसरी, बांबूची एक गुळगुळीत पट्टी. बायको लाडकी जाळं विणायची तेव्हा प्रत्येक घर या पट्टीवरून ओढून घ्यायची. पट्टीची रुंदी पस्तीस मिलिमीटर, केसभर कमी नाही, केसभर जास्त नाही.

जिव्याने तीस वर्षं भावाच्या बोटीवर इंजिन सांभाळलं. मग गुडघा गेला. हलत्या फळीवर उभं राहणं जमेना, तेव्हा तो जमिनीवर आला आणि लोकांचे नळ दुरुस्त करू लागला. "इंजिनात डिझेल जातं, नळात पाणी," असं तो सांगायचा. "दोन्ही गळलं की बोंबाबोंब सारखीच."

पालघरजवळच्या माहीमला अण्णा चुरींकडे तो आला तो बुधवार होता.

अण्णा अठ्ठ्याहत्तर वर्षांचे. आयुष्यभर पानवेली बांधून बांधून, आणि पुढे सांधेवाताने, त्यांची बोटं आत वळून राहिली होती. मूठ मिटत नाही आणि पुरती उघडतही नाही. मुलगा धीरज तारापूरच्या कारखान्यात पहाटेच्या पाळीला जातो, सून कीर्ती पालघरच्या शाळेत शिकवते. दोघं बाहेर पडली की घरात अण्णा एकटे. पण चहा ते स्वतः करत. धीरजने दोन वर्षांपूर्वी सिंकवर लांब दांडीचा, गरम-थंड पाण्याचा मिक्सर नळ बसवून दिला होता, दवाखान्यात डॉक्टर कोपराने उघडतात तसा. मनगटाने दांडी उचलायची, विजेची किटली खाली ठेवलेलीच असायची, मग बटण दाबायचं. दांडी डावीकडे सारली की गरम पाणी. त्यात बोटं पाच मिनिटं धरली की ती थोडी सैल व्हायची.

आता ती दांडी हलत नव्हती. हलली की बंद होत नव्हती.

"काल दांडी उचलायला माझ्या शेजारणीला हाक मारावी लागली," अण्णा म्हणाले. "ती आली, चहा केला, पिऊन पण गेली."

"तुमाला दिला का?"

"अर्धा."

कीर्ती डबा भरत होती. "जिव्याकाका, मी स्पष्ट सांगते. सिंकखालची फळी फुगलीय. शनिवारी सकाळी पालघरचा माणूस येतोय, दोन साधे फिरवायचे नळ बसवून जाईल."

"फिरवायचे? अण्णांना?"

"मला कळत नाही का? पण असा लांब दांडीचा कुठल्या दुकानात नाही. मागवला तर पंधरा दिवस. या नळावर कंपनीचं नावसुद्धा उरलेलं नाही. सकाळी निघायच्या आधी मी थर्मास भरून ठेवीन."

अण्णा खिडकीबाहेर बघत म्हणाले, "थर्मासातला चहा आजारी माणसाचा असतो."

कीर्तीने डब्याचं झाकण लावलं.

"शनिवारपर्यंत हाय ना येळ?" जिव्याने विचारलं. आणि तो सिंकखाली शिरला.

खालचे दोन्ही कॉक बंद केले, एक गिझरचा, एक टाकीचा. दांडीच्या बुडाशी लाल-निळ्या ठिपक्याची टिकली होती. ती नखाने काढली, आतला बारीक स्क्रू सैल केला, दांडी उचलून बाजूला ठेवली. वरची टोपी फिरवून काढली, पितळी नट सोडला आणि आतून डबीसारखा प्लास्टिकचा तुकडा वर आला. कार्ट्रिज. जिव्याने बांबूची पट्टी त्याच्या तोंडावर आडवी ठेवली. कडेला कड जुळली.

"पस्तीस," तो म्हणाला. "झालं काम. उद्या बसवून देतो."

जाळ्याच्या घराला एकच माप लागतं. पस्तीस म्हणजे पस्तीस.

गुरुवारी त्याने पालघरहून पस्तीसचं नवं कार्ट्रिज आणलं. जुनं सपाट बुडाचं होतं, याच्या बुडाखाली मात्र एक जाडसर बैठक होती. जिव्याने ती पाहिली, पण मनावर घेतली नाही. डबी आत गेली, पण वर उंच राहिली. नट कसाबसा एक आटा पकडत होता. त्याने कॉक उघडले. नळाच्या कमरेतून पाण्याची गोल झालर फुटली आणि अण्णांच्या सदऱ्यावर आली.

"बोटीत बसल्यासारखं वाटतंय," अण्णा म्हणाले.

कीर्तीने फडकं पुढे केलं आणि फक्त एक शब्द उच्चारला. "शनिवार."

या वेळी जिव्याने सगळा नळच सोडवून घेतला. जुनं कार्ट्रिज, नवं कार्ट्रिज आणि नळ असं सगळं पिशवीत घालून शुक्रवारी तो स्कूटरवरून बोईसरला गेला. तिथे स्टेशनजवळ एक सॅनिटरीचं दुकान आहे. गल्ल्यावर बाप बसतो, पण सुटे भाग त्याच्या मुलीला, रिद्धीला विचारायचे. तिच्या मागे भिंतभर छोटे खण आहेत. दुकानात कारखान्यांतली माणसं, "मॅडम, वायसर देना," म्हणत उभी होती. जिव्याचा नंबर आला.

"पस्तीसचं दे," तो बांबूची पट्टी पुढे करत म्हणाला. "पालघरवाल्याने चुकीचं दिलं."

"पस्तीसचे माझ्याकडे सहा प्रकार आहेत, काका."

"सहा?"

"नळ दाखवा. आणि जुनं दाखवा."

तिने जुनं कार्ट्रिज हातात घेतलं, बुडाचे खटके स्क्रूड्रायव्हरने दाबले आणि डबी उघडली. आतून दोन पांढऱ्या चकत्या निघाल्या, एकमेकींना चिकटलेल्या. तिने त्या ओढल्या, सुटेनात. मग सरकवून वेगळ्या केल्या.

"गोंद लावतात काय?"

"काही नाही. सिरॅमिक आहे, इतकं सपाट घासलेलं की मध्ये फक्त पाण्याचा पापुद्रा राहतो. दोघींमध्ये रबर नसतं. ही खालची, ही हलत नाही. तीन भोकं बघा, गरम आत येतं, थंड आत येतं, तिसऱ्यातून बाहेर. ही वरची दांडीबरोबर सरकते. हिच्या पोटात खळगा आहे." तिने वरची चकती खालचीवर ठेवून सरकवली. "दांडी खाली, खळगा बाजूला, सपाट भाग आत येणाऱ्या भोकांवर. नळ बंद. दांडी उचलली, खळगा भोकांवर आला, पाणी खळग्यातून तिसऱ्या भोकात. डावीकडे नेली तर गरमाचं भोक जास्त उघडं, उजवीकडे थंडाचं."

"व्हॉल्वच हाय की," जिव्या म्हणाला. त्याचे डोळे लहान पोरासारखे झाले होते.

"मग हा ओरखडा बघा."

चकतीवर भोकापासून कडेपर्यंत एक बारीक रेघ होती. नख त्यात अडकत होतं.

"रेतीचा कण. एवढ्या वाटेने नळ गळतो. याला उपाय नाही, बदलायचंच. पण दांडी का अडकली ते…" रिद्धीने बुडाची रबरं काढली. ती फुगून मऊ पडली होती, खोबणीच्या बाहेर आली होती. तिने वास घेतला. "काका, हे डिझेलच्या ग्रीससारखं येतंय. यात सिलिकॉनचं ग्रीस असतं, थोडंसं. हे दुसरं कुणी लावलं?"

चार महिन्यांपूर्वी दांडी थोडी जड झाली होती. तेव्हा कुणीतरी डबी उघडून त्यात बोटभर ग्रीस भरलं होतं आणि म्हणालं होतं, आता दहा वर्षं बघायला नको.

"असेल कुणीतरी येडझवा," जिव्या म्हणाला.

रिद्धीने त्याच्याकडे पाहिलं नाही. ती खण उघडत होती.

"मीच," तो म्हणाला.

"सगळेच लावतात," ती म्हणाली. "माझ्या पप्पांनी खोबरेल लावलं होतं."

मग तिने एकेक कार्ट्रिज नळात घालून पाहिलं. तुमच्या पट्टीने रुंदी कळते, बाकी काही नाही, असं ती म्हणाली. बूड बघायचं, जुनं सपाट तर नवंही सपाट, नाहीतर उंची बदलते. बुडाखालचे दोन खुंट नळातल्या दोन खड्ड्यांत बसले पाहिजेत आणि तीन तोंडं तीन भोकांवर आली पाहिजेत. आणि वरचा चौकोनी दांडा जुन्याइतका जाड आणि तेवढाच उंच हवा. पहिल्याचे खुंट बसेनात. दुसऱ्याचा दांडा आखूड, त्यामुळे लांब दांडीचा स्क्रू हवेत फिरला. तिसरं आत गेलं आणि टक् आवाज करून बसलं. दांडी घालून तिने ती एका बोटाने वर उचलली.

"सही," मागचा कामगार म्हणाला.

शनिवारी सकाळी सातला जिव्या माहीमला हजर होता. कीर्ती गाऊन सावरत दारात आली. "तो नऊला येतोय, काका."

"येऊ दे. चहा पाजा त्याला, अण्णांच्या हातचा."

नळ बसवायच्या आधी त्याने दोन्ही नळ्यांची तोंडं बादलीत धरली आणि कॉक उघडले. पाण्याबरोबर तांबूस रेती आली, टाकीच्या तळाची. ती पुरती थांबेपर्यंत त्याने पाणी जाऊ दिलं. मग नळ लावला, कार्ट्रिजचे खुंट चाचपून बसवले, नट हाताने फिरवला आणि पान्याने अगदी थोडा आवळला. जास्त आवळला तर दांडी जड होते, हे रिद्धीने बजावलं होतं. कॉक उघडले. कुठे थेंब नाही.

"अण्णा, या."

अण्णा आले. मनगट दांडीखाली घातलं. दांडी वर गेली, पाणी आलं. डावीकडे सारली, वाफ दिसू लागली. त्यांनी दोन्ही हात त्याखाली धरले आणि डोळे मिटले. बऱ्याच वेळाने दांडी खाली दाबली. पाणी तुटलं, एकदम, मागे थेंब न ठेवता.

"एक सांगायचं हाय," जिव्या म्हणाला. "मागच्या येळी मी बोटीचं ग्रीस भरलं होतं. त्यानंच रबर फुगलं. नळाचा दोष नव्हता. माझाच."

अण्णा किटली दांडीखाली सारत होते. "माहीत हाय."

"कसं?"

"पंधरा दिवस चहाला तुझ्या बोटीचा वास होता."

"मग बोलले का नाय?"

"तू एवढा खूश झालेला. म्हटलं वास जाईल."

कीर्ती हसत हसतच बाहेर गेली आणि फोनवर पालघरच्या माणसाला सांगू लागली, नको येऊ, दादा, काम झालं.

जिव्या हत्यारं गोळा करू लागला. बांबूची पट्टी त्याने पिशवीत परत ठेवली. ग्रीसचा डबा हातात घेऊन क्षणभर उभा राहिला आणि तो वेगळा, खिशात घातला. भावाची बोट दुपारी किनाऱ्याला लागणार होती.

"बस," अण्णा म्हणाले. किटलीचं बटण त्यांनी कोपराने दाबलं होतं. "साखर किती, दोन?"

"दीड."

"दोनच घालणार. चमचा माझ्या हातात अर्धा भरत नाय."