तेरावी चूक

शाळेतली मुलं तिला पाठीमागे ‘चूकबाई’ म्हणत. तिला ते ठाऊक होतं आणि फारसं वाईटही वाटत नसे. शिक्षिका होण्याआधी सहा वर्षं ती एका छापखान्यात मुद्रितं तपासत असे. तेव्हापासून चुका हुडकायची खोड हाडीमांसी खिळली होती. किराणा दुकानाच्या पाटीवरचा ऱ्हस्व-दीर्घही तिच्या नजरेतून सुटत नसे. नवरा म्हणायचा, “हिला सामानाची यादी लिहून दिली, तर सामान येणार नाही, यादी दुरुस्त होऊन येईल.”

आठवीच्या वर्गाला दर सोमवारी ती एक उतारा देई. त्यात चुका असत, आणि किती आहेत ते वर लिहिलेलं असे. मुलांनी त्या शोधायच्या आणि बदल दाखवायचे. तिची पद्धत ठरलेली होती. चुकीच्या शब्दावर एकच आडवी रेघ मारायची, बरोबर शब्द त्याच्या डोक्यावर लिहायचा आणि समासात बदलाचा क्रमांक टाकायचा. गिचमिड खोडलेलं तिला मुळीच खपत नसे. ती म्हणे, खोडलं तरी खालचं वाचता आलं पाहिजे. आधी काय होतं तेच कळलं नाही, तर काय सुधारलं ते कसं कळणार?

हे उतारे ती स्वतःच रचायची. पण पंधरा-सोळा वर्षं रचून रचून तिच्या चुकांना साचा आला होता, आणि हुशार मुलं उतारा न वाचताच त्या ओळखू लागली होती. अशात शाळेच्या कचेरीत जुन्या फायली निकाली निघत होत्या. त्यात तिला पालकांच्या रजेच्या अर्जांचा गठ्ठा सापडला. खऱ्या माणसांनी खरोखर केलेल्या चुका होत्या त्यात! तिला घबाड मिळाल्यासारखं झालं. एक अर्ज तिने निवडला, त्यावरची नावं आणि तारीख नीट न बघताच काढून टाकली आणि मजकूर जसाच्या तसा छापून घेतला:

*माझी आइ आजारी होती मुलगी एकटी आजी जवळ होती तीने डॉक्टरांना बोलावले नाही म्हणून आजी रागावली आणी दोन दिवसांनि ती गेली क्रुपया सुट्टि मंजुर करावी*

वर तिने लिहिलं, ‘तेरा चुका.’

वर्ग भराभर कामाला लागला. ‘आइ’ची ‘आई’ झाली, ‘तीने’चं ‘तिने’ झालं. ‘आजी जवळ’ हे दोन शब्द जोडले गेले, कारण शब्दयोगी अव्यय शब्दाला चिकटूनच यायला हवं. चार पूर्णविराम आपापल्या जागी बसले. बारा चुका बहुतेकांना सापडल्या, तेराव्यापाशी गाडी अडली. शेवटी पुढच्या बाकावरच्या एका मुलाने हात वर केला आणि ‘नाही’नंतर स्वल्पविराम हवा असं सांगितलं. बाईंनी शाबासकी दिली आणि फळ्यावर सुवाच्य अक्षरांत लिहिलं, ‘तिने डॉक्टरांना बोलावले नाही, म्हणून आजी रागावली.’ मग सगळ्या वर्गाकडून ते वाक्य एका सुरात म्हणून घेतलं. खिडकीजवळची एक मुलगी तेवढी गप्प होती, पण ती एरवीही गप्पच असे.

दुसऱ्या तासाला कागद तपासताना त्या मुलीचा कागद हाती आला. रेघा सरळ, क्रमांक नीट. बारा बदल बरोबर होते. तेराव्या जागी मात्र तिने स्वल्पविराम ‘बोलावले’नंतर दिला होता आणि ‘नाही’ला अवतरणचिन्हांत घातलं होतं. बाईंनी लाल शाईने फुली मारली आणि समासात लिहिलं, ‘मूळ अर्थ बदलू नये.’ तेरापैकी बारा.

बुधवारी तोच कागद तिच्या टेबलावर परत आला. लाल शेऱ्याखाली पेन्सिलीने, बारीक अक्षरांत एक ओळ होती: ‘मूळ अर्थ हाच आहे.’

मधल्या सुट्टीत बाईंनी तिला थांबवून घेतलं. आवाजात जरा धार होतीच. मूळ अर्थ हाच आहे, हे तू कशावरून ठरवलंस, असं तिने विचारलं.

मुलगी म्हणाली, “हा माझ्या बाबांचा अर्ज आहे, बाई.”

मग ती सांगू लागली. गेल्या वर्षी आजीला धाप लागली तेव्हा घरात ती एकटीच होती. ती धावत कोपऱ्यावरच्या डॉक्टरांकडे गेली आणि त्यांना घेऊन आली. पण आजीने दारातूनच ‘नाही, नाही’ म्हणत त्यांना परत पाठवलं आणि उगाच बोलावलंस म्हणून नातीवर रागावली. दोन दिवसांनी आजी गेली.

“मी बोलावलं होतं,” मुलगी म्हणाली. “परवा सगळा वर्ग म्हणत होता की नाही बोलावलं.”

ती रडली नाही. बाईंनी मुलीची माफी मागितली. शब्द तोकडे पडले, पण मागितली. सगळ्यात जास्त सलत होती ती एक जुनी सवय मोडल्याची गोष्ट. छापखान्यात एखाद्या वाक्याचे दोन अर्थ निघाले, की ती स्वतःच्या मनाने काही बदलत नसे. समासात प्रश्नचिन्ह टाकून ‘लेखकास विचारावे’ असं लिहीत असे. शाळेत आल्यावर उत्तरं तीच ठरवू लागली आणि विचारायचं विसरून गेली.

मुलीचे वडील लिफ्ट दुरुस्त करायचे. शनिवारी दुपारी ते एका कचेरीच्या इमारतीत काम करत होते. बाई तिथे पोचली तेव्हा लिफ्टचं दार उघडं होतं आणि ते आत उकिडवे बसून बटणांच्या तारा तपासत होते. अर्ज न विचारता वापरला हे तिने आडपडदा न ठेवता सांगितलं. हात पुसत ते बाहेर आले आणि त्यांनी तो छापील कागद वाचला.

“चुका एवढ्या होत्या होय?” ते म्हणाले. मग त्या एका वाक्यावर बोट ठेवून त्यांनी ते पुन्हा वाचलं. “हे असंही वाचता येतं, हे माझ्या ध्यानातच आलं नाही. वर्षभर ती अबोल का होती, ते आत्ता कळतंय. हा अर्ज शाळेत तिनेच आणून दिला होता, बाई. वाटेत वाचला असणार. ‘बापानेच लिहिलंय, मी बोलावलं नाही म्हणून,’ असं वाटलं असेल पोरीला.”

“तिने तुम्हाला विचारलं नाही?”

“मीही तिला विचारलं नाही.”

त्या संध्याकाळी बापलेकीत काय बोलणं झालं ते बाईंना कधीच कळलं नाही, आणि तिने चौकशीही केली नाही. मुलीची परवानगी घेऊन सोमवारी तिने ते वाक्य पुन्हा फळ्यावर लिहिलं, विरामचिन्हांशिवाय. अर्ज कोणाचा ते सांगितलं नाही. आधी एका तऱ्हेने वाचून दाखवलं, मग दुसऱ्या. एका ‘म्हणून’चे दोन अर्थ ऐकून वर्ग चकित झाला. मग तिने उत्तरं लिहिलेला आपला छापील उतारा काढला, चुकीच्या स्वल्पविरामावर एकच आडवी रेघ मारली, डोक्यावर ‘तिने डॉक्टरांना बोलावले, “नाही” म्हणून आजी रागावली’ असं नवं वाक्य लिहिलं, खाली सही केली आणि तो कागद सूचनाफलकावर लावला.

“लिहिणाऱ्याला विचारल्याशिवाय मी अर्थ ठरवला,” ती वर्गाला म्हणाली. “ही चूक माझी.”

तेव्हापासून सोमवारचे उतारे मुलंच लिहू लागली. एकाने चुका पेरायच्या, दुसऱ्याने शोधायच्या, आणि अडलं तर लिहिणारा शेजारीच बसलेला असे. खिडकीजवळच्या मुलीची पाळी आली तेव्हा तिने दहा चुकांचा उतारा केला. वर्गाला सात सापडल्या. बाईंनी चष्मा पुसून दोनदा वाचला, तरी नऊच सापडल्या.

“दहावी कुठली गं?” तिने विचारलं.

मुलगी हसली आणि म्हणाली, “शोधा ना, बाई.”