बारीक आवाजात सत्तर मार्क

अकोल्यात ज्या डाळ मिलमध्ये मी फोरमन होतो, तिचा आवाज एवढा होता की गावावरून जाणारे कावळेसुद्धा मिलपाशी आले की वळसा घालून जायचे. मालकाचा शेअर दलाल एकदा आत आला आणि बाहेर पडल्यावर तासभर स्वतःच्याच बायकोला फोनवर ओरडून ओरडून ‘कोण बोलतंय’ विचारत होता. मी त्या आवाजात नोकरीची सगळी वर्षं काढली. कानात बोळे घालायचे असतात हे मला माहीत होतं. पण बोळे घातलेला फोरमन म्हणजे हातमोजे घालून गुलाबजाम खाणारा पाहुणा, अशी आमच्या मिलमध्ये समजूत. मशीनचा पट्टा सुटायच्या आधी तिची कुरकुर ज्याला ऐकू येते तो खरा फोरमन. मला यायची. गुजराती इंजिनियर यायच्या आत मी पट्टा बदलून चहा पीत बसलेलो असायचो.

रिटायर झाल्यावर आम्ही अमरावतीला, राजापेठेत राहायला आलो. आणि तिथे आमच्या घरात खटला उभा राहिला. आरोपी मी. फिर्यादी माझी बायको. ती जिल्हा परिषदेच्या शाळेतली रिटायर बाई. आवाज बारीक, बोलणं शांत. साठ पोरांचा वर्ग तिनं कधी न ओरडता सांभाळलेला. आरोप असा, की मला सगळं ऐकू येतं, फक्त तिचं तेवढं येत नाही.

पुरावा तिच्याकडे भक्कम होता. माझा एक दोस्त बुलेटवर यायचा. गाडी अजून चौकातच असली, की मी घरात चपला शोधायला लागायचो. ढगात गडगडलं की ‘वरुडकडं पाऊस पडून राहिला’ हे मी अंथरुणातून सांगायचो. आणि हाताच्या अंतरावरून तिनं सांगितलेलं? मी मान डोलवायचो. ‘हो’ म्हणायचो. माझं ‘हो’ म्हणजे बँकेतल्या शिक्क्यासारखं, कागद न वाचता मारलेलं.

त्यातच तो दिवस आला. ती स्वैपाकघरात भांडी घासत होती, नळ चालू होता. तिथून ती म्हणाली, ‘मले चक्कर येऊन राहिली.’ मी म्हणालो, ‘हो, हो.’ आणि दोस्ताच्या बुलेटवर बसून निघून गेलो.

शेजारणीनं तिला धरून पलंगावर झोपवलं. बीपी वाढलं होतं, गोळीनं उतरलं. पण मी घरी आलो तेव्हा बायकोची बॅग भरलेली होती. ती अकोल्याला, पोरीकडे चालली होती. जाताना ती काहीतरी बोलली, ते मला कळलं नाही. पोरीनं नंतर फोनवर ते भाषांतर करून सांगितलं. आमच्या पोरीचा आवाज म्हणजे लग्नाचा बँड, त्यामुळे मला कळलं. ‘बाबा, आई म्हणते, मी पडली तं ज्या माणसाले ऐकू येत नाई, त्याच्याजवळ मी आता काहून राहू?’

मी ताबडतोब कान तपासायला गेलो. राजापेठेतच कानाची तपासणी करणारी एक मॅडम बसते. तिनं मला एका जाड भिंतींच्या खोलीत बसवलं. इतकी शांतता मी जन्मात ऐकली नव्हती. पोटातली कालची भाकर सरकलेली ऐकू येत होती. कानावर हेडफोन, हातात बटण. आवाज आला की दाबायचं, कितीही बारीक असला तरी. काही भोंग्यासारखे जाड सूर यायचे, ते मी पटापट दाबले. मग पातळ शिट्ट्या यायला लागल्या, त्या मात्र जोरात झाल्यावरच कळायच्या. शेवटी मॅडमनं कानामागच्या हाडावरही काहीतरी चिकटवून तेच केलं. गर्दी खूप होती. ती म्हणाली, ‘काका, चार्ट ठेवा जवळ. सोमवारी घरचं कोणीतरी घेऊन या, मग मी समजावून सांगते.’

सोमवारपर्यंत थांबेल तो मी कसला! घरी येऊन चार्ट पलंगावर पसरला. आडव्या ओळीत डावीकडून अडीचशे, पाचशे, हजार, दोन हजार, चार हजार, आठ हजार. एवढं मी ओळखलं: डावीकडे जाड आवाज, उजवीकडे बारीक. उभ्या ओळीत शून्यापासून खाली खाली आकडे वाढत गेलेले. लाल गोल उजव्या कानाचे, निळ्या फुल्या डाव्या कानाच्या. जाड आवाजाच्या बाजूला खुणा वर, पंधरा-वीसवर. मग दोन हजारापाशी घसरगुंडी, आणि चार हजारावर थेट सत्तर!

आता राजापेठेत राहणाऱ्या माणसानं आकड्याचा अर्थ काय लावावा? आमच्या गल्लीत दर दुसऱ्या घरावर ट्यूशन क्लासचा बोर्ड, आणि बोर्डावर पोरांचे फोटो आणि टक्के. पंधरा म्हणजे नापास. सत्तर म्हणजे फर्स्ट क्लास! चार्ट काढणाऱ्यानं तो चुकून उलटा टांगलाय, एवढंच. म्हणजे जाड आवाजात मी गचकलो होतो, पण बारीक आवाजात सत्तर मार्क. तेही दोन्ही कानांत!

मी खालच्या झेरॉक्सवाल्याकडे जाऊन चार्ट लॅमिनेट करून घेतला. तो म्हणाला, ‘काका, मार्कशीट हाय काय?’ मी म्हणालो, ‘तसंच समज.’ आणि पहिल्या बसनं अकोला.

पोरीच्या घरी बायको तूर निवडत बसली होती. मी चार्ट तिच्यापुढे ठेवला आणि बोट ठेवून ठेवून सगळं समजावलं. कान पास झालाय. बारीक आवाजात तर फर्स्ट क्लास आहे. काळजीचं कारण नाही, घरी चल.

तिनं चष्मा लावला. चार्ट पाहिला. माझ्याकडे पाहिलं. मग पोरीकडे वळून काहीतरी बोलली. पोरीचा चेहरा पडला.

‘काय म्हणते?’ मी विचारलं.

‘बाबा,’ पोरीनं बँड सुरू केला, ‘आई म्हणते, बारीक आवाज कोणाचा? माह्याच ना? मंग सत्तर मार्कानं ऐकू येते तरी ऐकत नव्हते. आता कागदबी तेच म्हणते!’

स्वतःच्या फाशीचा दोर मी स्वतः विकत आणला होता, तोही लॅमिनेट करून.

‘अवं, तसं नाई...’

‘मंग कसं?’ हे मात्र मला तिच्या ओठांवरूनच कळलं.

माझ्या बोलण्यावर तिचा विश्वास बसणार नव्हता, आणि तो दोष तिचा नाही. अख्ख्या वऱ्हाडाला माहीत आहे, मी म्हैस दाखवली तर लोक शेळी समजून घेतात. ती म्हणाली, पोरीनं ओरडून सांगितलं, की सोमवारी मी येते. त्या मॅडमच्या तोंडून ऐकते, की या माणसाले माहा आवाज येते. एकदा ऐकलं की झालं. मंग मी इथं पोरीजवळच राहाले मोकळी.

सोमवारी आम्ही मॅडमसमोर बसलो. बायको साक्षीदारासारखी ताठ. मॅडमनं चार्ट पाहिला, त्याच्यावरून हात फिरवला, आणि म्हणाली, ‘लॅमिनेट काहून केला, काका?’

‘सत्तर मार्क हायेत,’ मी पुटपुटलो.

मॅडम हसली नाही. हसू तिनं गिळलं, ते घशातून उतरताना मी पाहिलं. तिनं मार्करचं टोपण काढलं. ‘काका, हे मार्क नाहीत. हा आवाजाचा जोर आहे. वर शून्याजवळ म्हणजे अगदी हळू आवाज, खाली म्हणजे मोठा आवाज. खूण जिथं आहे, तेवढा जोर लावला तेव्हा कुठं तुम्हाला ऐकू आलं. पंधराला आलं म्हणजे कान झकास. सत्तरला आलं म्हणजे तेवढं ओरडावं लागलं. खूण जितकी खाली, तितका कान कमजोर.’

बायकोनं मान पुढे केली.

‘बाकी चार्ट बरोबर वाचला त्यांनी,’ मॅडम म्हणाली. ‘डावीकडे जाड, उजवीकडे बारीक. जाड आवाजाला यांचा कान तरण्या पोरासारखा आहे. बुलेट, ढग, ढोल सगळं येणार. बारीकला रेषा कोसळली. मिलमधल्या आवाजानं असं होतं, चार हजाराजवळ खड्डा पडतो. वयानं त्यात भर घातली. हाडावरून केलेल्या तपासणीतही हेच आलं, म्हणजे मळ-बिळ काही नाही. आतली नसच थकली.’

‘पण माहा आवाज तर येते त्याहिले,’ बायको म्हणाली. हे मॅडमनं मला पुन्हा, माझ्याकडे तोंड करून सांगितलं.

‘आवाज येतो, काकू. शब्द येत नाही.’ तिनं चार्टाच्या मधोमध केळ्यासारखा एक आडवा आकार काढला. ‘माणसाचं बोलणं एवढ्या भागात असतं. डावीकडे आ, ओ, ऊ. ते जाड आणि जोरदार असतात. उजवीकडे स, श, फ, थ. ते बारीक आणि हळू असतात. यांच्या रेषेच्या खालचं त्यांना ऐकू येतं, वरचं नाही. बघा, केळ्याचा उजवा तुकडा अख्खा रेषेच्या वर राहिला. त्यात नळ चालू असला, की उरलेलंही बुडालं.’

बायको त्या केळ्याकडे बराच वेळ बघत राहिली. मग तिनं बोट ठेवलं, वर्गात फळ्यावर ठेवायची तसं. ‘म्हणजे मी रागावली हे कळते. काहून रागावली हे कळत नाई?’

‘अगदी तसंच.’

‘आन मी ओरडली असती तं?’

‘ओरडल्यानं आ-ओ अजून मोठे होतात. स-श तिथंच राहतात. फायदा कमी, घसा खराब. समोर बसून, सावकाश बोला.’

मी बायकोच्या चेहऱ्याकडे पाहत होतो. खटला जिंकायला आलेल्या वकिलाला आपलाच कागद उलटा धरलेला दिसावा तसं काहीसं तिथं चाललं होतं. मग ती माझ्याकडे वळली, अगदी समोर तोंड करून, एकेक शब्द सुटा करत म्हणाली, ‘चक्कर... येऊन राहिली होती... हे तुमाले कळलंच नाई?’

‘नाही,’ मी म्हणालो. या एका शब्दात मी काहीही वाढवून सांगितलं नाही.

तिनं पदरानं चष्मा पुसला. चष्मा आधीच स्वच्छ होता.

मॅडमनं माझ्या कानांत वापरून बघायला मशीन बसवलं. जाड आवाज आहे तसा सोडायचा, फक्त बारीक वाढवायचा, अशी त्याची जुळणी तिनं चार्ट बघून कॉम्प्युटरवर केली. चालू केल्याबरोबर हल्लाच झाला. पंख्याची सळसळ, मॅडमच्या पेनाची करकर, लॅमिनेशनचा चर्रर्र असा आवाज जणू कोणी पत्र्यावर पोहे भाजतंय. बायकोच्या बांगड्या तर माझ्या डोक्यातच वाजल्या. ‘सवय व्हायला वेळ लागेल,’ मॅडम म्हणाली, ‘कान पहिल्यासारखा होणार नाही, पण बोलणं जवळ येईल.’

बाहेर जिन्याखालच्या बाकड्यावर आम्ही ऑटोची वाट पाहत बसलो. बायकोनं पोरीला फोन लावला. नेहमीच्या, हळू, बारीक आवाजात. आणि शेजारी बसून मला ते ऐकू आलं: ‘बॅग पाठवून दे जावयाच्या हातानं. मी इथंच थांबते.’

फोन ठेवून ती माझ्याकडे वळली. ‘सगळं आयकू आलं?’

‘सगळं.’

‘बरं झालं,’ ती म्हणाली, पदर खोचला, मांडी नीट घातली आणि पहिल्यापासून सुरू केलं. आम्ही राजापेठेत राहायला आलो त्या आठवड्यापासून. बुडलेला धडा शिक्षिका पुन्हा घेते तसा, एकही ओळ न गाळता. पहिला ऑटो निघून गेला. दुसराही गेला.

‘मशीन जरा काढू का?’ मी हळूच विचारलं.

‘काढून तं पाहा,’ ती म्हणाली.

मी हात खाली घेतला आणि ऐकत बसलो.