गोकुळदासाचा फळा

गोकुळदास शिरोडकर शिरगावच्या खाणीवर वजनकाट्याचा कारकून होता. भरलेल्या ट्रकाच्या वजनातून रिकाम्या ट्रकाचं वजन वजा करायचं आणि उरेल ते लिहायचं, हे काम त्याने सव्वीस वर्षं केलं. ड्रायव्हर लोक त्याला घाबरत. मालकही थोडे घाबरत, पण ते तसं कबूल करत नसत.

डिचोलीच्या आमच्या क्लबात ब्रिजचे गुण तोच लिहायचा. खेळायला कुणी बोलवत नसे, कारण गुण लिहायला दुसरं कुणी तयार नव्हतं. क्लबाच्या भिंतीवर काळा फळा होता. त्यावर त्याने पांढऱ्या ऑइलपेंटने सगळा हिशेब रंगवला होता: पार्टस्कोअर, म्हणजे लहान बोली, जमला तर बोलीच्या हातांचे गुण आणि वर पन्नास, गेमला, म्हणजे मोठ्या बोलीला, तीनशे, व्हल्नरेबल असलात, म्हणजे त्या डावात तुमचं बक्षीस आणि दंड दोन्ही जास्त असले, तर पाचशे. सहाचा स्लॅम, म्हणजे तेरातले बारा हात, केला तर गेमच्या वर आणखी पाचशे, व्हल्नरेबलला साडेसातशे. खाली, बोललेले हात झाले नाहीत तर भरायचा दंड. खेळताना स्मरणाला आधार चालत नाही असा नियम आहे, म्हणून डाव सुरू झाला की तो फळ्यावर टॉवेल टाकायचा. बरेच दिवस तो टॉवेल त्याच्या बायकोचा, विनोदिनीवहिनींचा होता. त्यांना कळल्यावर क्लबाने नवा आणला.

हा फळा तो फक्त पावसात रंगवायचा. आमच्याकडे ऑक्टोबरपासून मेपर्यंत खनिजाची तांबडी धूळ उडत असते. ओल्या रंगावर ती बसली की निघत नाही. जूनमध्ये खाण बंद होते, धूळ जमिनीला बसते, तेव्हा गोकुळदास ब्रश काढायचा. यात चुकीचं काही नव्हतं. चूक पुढे झाली.

सत्त्याऐंशीच्या नोव्हेंबरात त्याला टपालाने नवं नियमपुस्तक आलं. व्हल्नरेबल नसलेल्या बाजूचा डबल झालेला, म्हणजे समोरच्यांनी आव्हान दिलेल्या बोलीचा, दंड आता वाढला होता. पहिले तीन हात पूर्वीसारखेच: शंभर, तीनशे, पाचशे. चौथ्यापासून मात्र दर हाताला दोनशेऐवजी तीनशे. म्हणजे सातशेचे आठशे, नवशेचे अकराशे, आणि सात हात कमी पडले तर तेराशेचे सतराशे. गोकुळदासाने वाचलं, पुस्तक कपाटात ठेवलं आणि जूनची वाट बघू लागला. कुणाला बोलला नाही. फळ्यावर नाही ते सांगायचं नाही, असा त्याचा स्वभाव. सात हात कोण बुडवतो, असंही त्याला वाटलं असेल.

डिसेंबरात पेडण्याच्या संघाशी आमचा वार्षिक सामना होता. चषक सहा वर्षं पेडण्यात होता आणि आमचं काचेचं कपाट सहा वर्षं रिकामं. मार्चमध्ये गोकुळदास निवृत्त होणार होता, म्हणून या वर्षी आम्ही त्याला खेळायला बसवला. तो चषक त्या कपाटात एकदा तरी बघायचा, हे त्याने मला स्वतः सांगितलं होतं. गोकुळदास मनातलं सांगतो म्हणजे काय, हे त्याला ओळखणाऱ्यालाच कळेल.

त्याचा जोडीदार कृष्णनाथ गावस, चार ट्रकांचा मालक. कृष्णनाथाला पार्टस्कोअर म्हणजे अपमान वाटायचा. दोन इस्पिक बोलून सहा आणि दोन असे आठ हात केले, साठ आणि पन्नास, एकशे दहा मिळाले, तर तो दिवसभर तोंड पाडून बसायचा. दुसऱ्या टेबलावर मी आणि अनंत. दोन्ही टेबलांवर तेच पत्ते खेळले जातात. एका टेबलावर ज्या दिशेचे पत्ते आमच्याकडे, दुसऱ्या टेबलावर ते पेडण्याकडे. मग दोन्हीकडचे गुण वजा करायचे.

शेवटच्या डावात बदामवाली बाजू व्हल्नरेबल होती, दुसरी नव्हती. आमच्याकडे बदाम माझ्याच हातात होते. मी सहा बदाम बोललो आणि बारा हात केले. हातांचे एकशे ऐंशी, गेमचे पाचशे, स्लॅमचे साडेसातशे: चौदाशे तीस. माझ्या आयुष्यातला तो सर्वांत चांगला डाव, आणि मी तो आजही कुणी न विचारता सांगतो.

गोकुळदासाच्या टेबलावर पेडण्याचे सखाराम परब मास्तर तसेच सहा बदाम बोलले. कृष्णनाथाने टेबलाखाली बोटं मोजली. सात किलवर, म्हणजे तेराही हात, बोललो आणि त्यातले सात बुडाले तरी दंड तेराशे. स्लॅम होऊ दिला तर चौदाशे तीस. तो सात किलवर बोलला. मास्तरांनी डबल दिला. जोडीदाराला काही सांगायचं नाही, असा नियम. गोकुळदासाने बोलणाऱ्याच्या जोडीदाराने मांडायचे तसे आपले पत्ते टेबलावर उघडे मांडले आणि बघत बसला. कृष्णनाथाला सहाच हात मिळाले. बरोबर सात बुडाले. मास्तरांनी चिठ्ठीवर तेराशे लिहिले, कृष्णनाथाने आनंदाने सही केली.

मग बेरीज. बाकीच्या सगळ्या डावांत मिळून आम्ही साठांनी मागे होतो. शेवटच्या डावात आमचे चौदाशे तीस, त्यांचे तेराशे. एकशे तीस आमच्याकडे. आम्ही सत्तरांनी जिंकलो होतो. अनंताने कपाटाची किल्ली शोधायला घेतली.

गोकुळदास चिठ्ठी हातात घेऊन उभा होता. त्याने तेराशे खोडले आणि सतराशे लिहिले.

"ह्यां काय?" कृष्णनाथ म्हणाला.

"नवो नियम," गोकुळदास म्हणाला. कपाटातून पुस्तक काढून त्याने पान उघडून टेबलावर ठेवलं. आता शेवटचा डाव दोनशे सत्तरांनी त्यांचा होता. आम्ही तीनशे तीसांनी हरलो होतो.

मास्तर भला माणूस. म्हणाले, "आमकांय ठावक नव्हतां. फळ्यार तेराशे आसत, तेराशेच धरूया."

"आमंत्रणाच्या पत्रात मीयांच लिवलंय, चालू नियमांप्रमाणे," गोकुळदास म्हणाला. "फळो चालू नाय."

कृष्णनाथाने पुस्तकाची तारीख बघितली. "तुका नोव्हेंबरापासून ठावक होतां?"

"होतां."

"माका सांगलं आसतंस तर मी सात बोलतंय कशाक?"

गोकुळदासाने पुस्तक मिटलं. तो म्हणाला, "चूक माझी." सव्वीस वर्षांत हे शब्द त्याच्या तोंडून मी पहिल्यांदा ऐकले. मास्तरांनी चषक पिशवीत घातला आणि पेडण्याची बस पकडली. मला गोकुळदासाचा राग आला. माझे चौदाशे तीस फुकट गेले, याचा राग अजून पूर्ण गेलेला नाही. त्याच्याइतका सरळ माणूस मला दुसरा भेटला नाही, हेही तितकंच खरं.

दुसऱ्या दिवशी कामावरून सुटल्यावर मी क्लबात गेलो. गोकुळदास स्टुलावर उभा राहून फळ्यावरचे बदललेले दंड पांढऱ्या रंगाने नव्याने रंगवत होता. डिसेंबर महिना, बाहेर ट्रकांची रांग, दारातून धूळ आत येत होती. कृष्णनाथ खाली रंगाचा डबा धरून उभा होता.

"जूनपर्यंत थांब," मी म्हटलं. "धूळ बसेल."

"बसूं दे," गोकुळदास म्हणाला.

धूळ बसली. क्लब अजून आहे, फळाही आहे. सगळे आकडे पांढरे आहेत. आठशे, अकराशे, चौदाशे आणि सतराशे तेवढे तांबडे. नव्या मुलांना वाटतं, महत्त्वाचे म्हणून मुद्दाम तांबडे काढलेत. मी त्यांना होय म्हणतो.